अहवालात ईसी ‘सर्वसाधारण’, तरी कांदा का जळतो? लगद्याच्या अर्काची ईसी काढून पीक ठरवताना होणारा घोळ

रब्बीची लागण आटोपली की मोहोळ, पंढरपूर, माळशिरस भागातून हा प्रश्न हमखास येतो. कांद्याच्या पातीचे शेंडे पिवळे पडून वाळतात, वाफ्यात मध्येमध्ये टकलं पडतात, दोन फवारण्या होऊनही फरक नसतो. हातात मातीचा अहवाल असतो, त्यात विद्युत वाहकता, म्हणजेच ईसी, ०.९२ डेसिसायमन प्रति मीटर आणि पुढे शेरा ‘सर्वसाधारण’. मग शेतकरी मोबाईलवर पिकांच्या क्षार सहनशीलतेचा तक्ता शोधतो. त्यात कांद्यापुढे १.२ लिहिलेलं असतं. आपलं ०.९२ त्याच्या आत आहे, म्हणजे क्षाराचा प्रश्न नाही, असं ठरवून तो बुरशीनाशकाच्या दुकानात जातो.

“रिपोर्ट नॉर्मल हाय साहेब, मग कांदा जळतोय कशानं?” मोहोळ तालुक्यातल्या एका काकांचा हा प्रश्न, आणि त्यांचंच रान उदाहरणाला घेतो. उजनीच्या कालव्याखालची भारी काळी जमीन, आधी ऊस, ऊस मोडून कांदा. उसाने कधी तक्रार केली नव्हती, म्हणून जमिनीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

दोन आकडे, दोन वेगळ्या पाण्यात मोजलेले

आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा ईसी काढताना एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालतात. अहवालात कुठेतरी बारीक अक्षरात १:२.५ लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. ही पद्धत सोपी आणि झटपट आहे, दिवसाला शेकडो नमुने होतात, त्यामुळे त्यात प्रयोगशाळेचं काही चुकलं असं नाही. पण पिकांच्या सहनशीलतेचा जो तक्ता सगळीकडे फिरतो, तो या पाण्यावर बेतलेला नाही. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेले आणि पुढे अन्न व कृषी संघटनेच्या पुस्तिकेतून जगभर गेलेले ते आकडे सॅच्युरेशन पेस्टच्या अर्काचे आहेत, म्हणजे मातीचा संपृक्त लगदा करून त्यातून ओढून काढलेल्या पाण्याचे. त्यालाच ईसीई म्हणतात.

काकांच्या मातीचा लगदा व्हायला १०० ग्रॅममागे ७२ मिली पाणी लागलं. अहवालासाठी त्याच १०० ग्रॅममध्ये २५० मिली पाणी घातलं होतं. मीठ तेवढंच, पाणी साडेतीनपट. म्हणजे ०.९२ हा आकडा पातळ केलेल्या पाण्याचा आहे. २५० ला ७२ ने भागून येणाऱ्या ३.४७ ने गुणलं तर ३.२ येतात. प्रत्यक्ष लगदा करून अर्क मोजला तेव्हा २.८ आले. दोन्हींतला फरक का पडला ते पुढे येईलच, पण कांद्याच्या १.२ शी तुलना करायची ती या २.८ ची.

इथे एक सवय मोडायला हवी. ‘ईसीला तीनने गुणा’ असं ऐकून सगळेच गुणतात. भारी काळ्या जमिनीत ते साधारण जमतं, कारण तिच्या लगद्यात ७० ते ८० टक्के पाणी बसतं. पण त्याच शेतकऱ्याचा नदीकाठचा पोयट्याचा किंवा वाळूमिश्रित तुकडा असेल, तर तिथला लगदा ३० ते ४० टक्के पाण्यातच तयार होतो आणि गुणक सहा-आठपर्यंत चढतो. म्हणजे अहवालात ०.६ आलेली हलकी जमीन ०.९ आलेल्या काळ्या जमिनीपेक्षा पिकाला जास्त खारट असू शकते. गुणक मातीगणिक बदलतो, म्हणून तो आपल्या मातीतूनच काढायचा.

लगदा कसा करायचा, आणि काळी माती कुठे फसवते

सावलीत वाळवलेली, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली ३०० ग्रॅम माती घ्या. पाणी डिस्टिल्डच हवं. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, पण त्यात आधी मीटर बुडवून बघा, आकडा शून्याच्या जवळ हवा. बोअरचं किंवा नळाचं पाणी वापरलंत तर त्याचेच क्षार मोजले जातील.

मोजपात्रातून थोडंथोडं पाणी घालत उलथन्याने हलवत जा. लगदा झाला हे कळायच्या खुणा ठरलेल्या आहेत. पृष्ठभाग चकाकतो, भांडं कलतं केलं की लगदा किंचित वाहतो, मधोमध रेघ ओढून भांडं टेबलावर आपटलं की रेघ मिटते, आणि उलथन्यावरून लगदा सुटून घसरतो. ही शेवटची खूण मात्र आपल्या काळ्या मातीला नीट लागू होत नाही. तिच्यात चिकणमाती इतकी असते की ती उलथन्याला धरून बसते, आणि लगदा अजून घट्ट आहे असं समजून माणूस पाणी ओततच राहतो. तसं करू नका. चकाकी आणि रेघ याच दोन खुणांवर थांबा.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे ती पाणी सावकाश पिते. आत्ता बरोबर झालेला लगदा सकाळी घट्ट झालेला असतो. म्हणून झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. वर पाणी साचलं असेल तर पाणी जास्त झालं, थोडी कोरडी माती घालून हलवा. चकाकी गेली असेल तर थोडं पाणी घाला. एकूण किती ग्रॅम माती आणि किती मिली पाणी गेलं ते टिपून ठेवा, कारण त्यावरूनच संपृक्ततेची टक्केवारी निघते. काकांच्या ३०० ग्रॅमला एकूण २१६ मिली लागलं, म्हणजे ७२ टक्के. (प्रयोगशाळेत वाळल्या मातीतला मुरलेला ओलावाही हिशेबात धरतात. घरी केलं तर तेवढी चूक राहते, पण निर्णय बदलण्याइतकी नाही.)

पुढचा टप्पा म्हणजे अर्क ओढणं. बुकनर फनेल, गाळणकागद आणि व्हॅक्यूम पंप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर चिकण लगद्यातून कापडाने गाळून हाती येतं ते गढूळच, आणि त्याचा आकडा भरवशाचा नसतो. ज्यांच्याकडे पंप नाही त्यांना माझा सल्ला असा की लगदा फक्त पाण्याच्या टक्केवारीपुरता करा, ईसी अहवालातलीच घ्या आणि २५० भागिले टक्केवारी या गुणकाने गुणा. हा वरच्या बाजूचा अंदाज असतो, प्रत्यक्ष ईसीई बहुधा थोडी कमीच निघते. शंका राहिली तर ज्या प्रयोगशाळेत लगद्याचा अर्क करतात तिथे नमुना देताना पाकिटावर ‘संपृक्त अर्काची ईसी’ असं ठळक लिहा. न लिहिल्यास पुन्हा १:२.५ चाच आकडा हातात येईल.

मीटरबद्दल दोनच गोष्टी. १.४१३ डेसिसायमन प्रति मीटरचं प्रमाण द्रावण मिळतं, त्यात आधी तपासून घ्या. आणि तापमान बघा, कारण सगळे तक्ते २५ अंशांचे आहेत आणि दर अंशाला वाचन साधारण दोन टक्के वाढतं. सोलापूरच्या मार्चमधल्या दुपारी ३५ अंशांच्या अर्कात तापमान दुरुस्ती नसलेलं पेनासारखं मीटर घातलं तर २.८ च्या जागी ३.४ च्या आसपास दिसेल. एककही तपासा. पेनवर मायक्रोसायमनमध्ये २८०० दिसलं म्हणजेच २.८.

२.८ चा पिकागणिक अर्थ

प्रत्येक पिकापुढे दोन आकडे असतात. पहिला उंबरठा, म्हणजे ज्या ईसीईपर्यंत उत्पन्नाला धक्का लागत नाही. दुसरा उतार, म्हणजे उंबरठ्यापुढे दर एका डेसिसायमनला किती टक्के उत्पन्न घटतं. हिशेब असा:

अपेक्षित उत्पन्न (टक्के) = १०० − उतार × (ईसीई − उंबरठा)

कांद्याचा उंबरठा १.२ आणि उतार १६. काकांच्या २.८ ला १०० − १६ × १.६, म्हणजे साधारण ७४ टक्के. चौथा हिस्सा गेला. आता उसाचं बघा. उंबरठा १.७, उतार फक्त ५.९. त्याच २.८ ला ऊस ९३ टक्क्यांवर असतो. एकरी टनेजमध्ये सहा-सात टक्क्यांची घट कुणाच्या डोळ्यांवर येते? पाणी उशिरा मिळालं, लागण मागे पडली, अशा शंभर कारणांत ती मिसळून जाते. काकांच्या रानात क्षार ऊस असतानाच चढलेले होते, ऊस फक्त बोलत नव्हता. कांदा लागला आणि तेच क्षार उघडे पडले. ऊस मोडून कांदा, घेवडा किंवा हरभरा करणाऱ्यांच्या तक्रारी जास्त का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. घेवडा तर उंबरठा १.० आणि उतार १९ घेऊन बसलेला असतो. हरभराही क्षाराला फार नाजूक आहे, त्याला काळजीनेच पेरावं.

त्याच २.८ ला मका साधारण ८७ टक्के आणि द्राक्ष साधारण ८७ ते ८८ टक्के देईल. गहू (उंबरठा ६.०), सोयाबीन (५.०), कापूस (७.७) आणि ज्वारी (६.८) यांना फरक पडायला नको. डाळिंब त्या यादीत मध्यम सहनशील म्हणून येतं, पण त्याला असा नेमका उंबरठा दिलेला नाही. त्यामुळे कुणी डाळिंबाचा दशांशापर्यंत हिशेब मांडून दाखवला तर जरा जपून.

उंबरठा मोठा म्हणजे पीक सर्वस्वी निर्धास्त, असं मात्र समजू नका. ज्वारीचा उतार १६ आहे, कापसाचा ५.२. ईसीई ८ असताना ज्वारी ८१ टक्क्यांवर येते आणि कापूस ९८ वर असतो. १२ ला कापूस अजून ७७ च्या आसपास तग धरतो, ज्वारी मात्र जवळजवळ संपलेली असते.

आणि ज्वारीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला आणखी एक अडचण आहे, जी तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते. ते प्रयोग पाणी देऊन वाढवलेल्या पिकावरचे आहेत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी उभी असते ती पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर. लगद्यात माती पाण्याने पूर्ण भरलेली असते. शेतात वाफसा येतो तेव्हा तेच क्षार साधारण निम्म्या पाण्यात असतात, आणि ओल सुकण्याच्या बेतात येते तेव्हा पाव पाण्यात. म्हणजे ईसीई ४ असलेल्या रानात जानेवारीत मुळांभोवतीचं पाणी बारा-पंधराच्या घरातलं असू शकतं. कोरडवाहू रब्बी ज्वारीला मी ६.८ वर विसंबत नाही. ४ च्या पुढे गेलं की एखाद्या संरक्षित पाण्याची सोय आहे का, हे आधी विचारतो.

सरासरी बरोबर, तरी वाफ्यात टकलं का?

७४ टक्के म्हणजे सगळा वाफा थोडा थोडा खुरटायला हवा. काकांकडे तसं नव्हतं. गादीवाफ्याच्या कडेची रोपं बऱ्यापैकी हिरवी आणि मधली ओळ साफ गेलेली. पाणी सरीने दिलेलं. हे चित्र दिसलं की क्षाराचा संशय पक्का धरायला हरकत नाही, कारण रोग अशी सरळ रेघ आखून येत नाही. सरीतलं पाणी दोन्ही बाजूंनी गादीत शिरतं, क्षार पुढे ढकलत मधोमध आणतं आणि तिथून वाफ होऊन उडतं. कंदिलाची काच जशी वरच्या टोकाला काजळते, तसे क्षार जिथून पाणी उडतं तिथे साठतात. ठिबक असेल तर हीच रेघ ओल्या वर्तुळाच्या कडेला दिसते.

अहवालाचा नमुना २० सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करून काढलेला होता. आम्ही गादीच्या मध्यातून दोन थर वेगळे केले. वरच्या ५ सेंटिमीटरची ईसीई ५.२ आली आणि ५ ते २० सेंटिमीटरची २.०. सरासरी काढली तर तेच २.८ येतात, पण कोवळ्या रोपाची मुळं सरासरीत वाढत नाहीत, ती वरच्या थरात असतात. ५.२ ला कांद्याचा हिशेब ३६ टक्क्यांवर येतो. तक्त्यातले आकडे बहुतेक जम बसलेल्या पिकांचे आहेत, त्यामुळे उगवणीच्या वेळचा त्रास त्याहून जास्तच धरावा. म्हणून उगवण किंवा रोप बसण्याची तक्रार असेल तर ० ते ५ सेंटिमीटरचा नमुना वेगळा घ्या, आणि वाढ खुंटण्याची तक्रार असेल तर मुळांच्या थराचा. दोन्ही एकाच पिशवीत घातले की उत्तर हरवतं.

काकांच्या बाबतीत यातून उपाय सरळ निघाला. खालचा थर २.० चाच होता, म्हणजे क्षार वर साठलेले, खाली कमी. पुढच्या हंगामात गादी मोडून सपाट वाफे करायचे, लागणीआधी एक भरपूर पाणी देऊन वरचे क्षार खाली ढकलायचे आणि वाफसा आला की लगेच लागण करायची. निचऱ्याचा चर मोकळा असणं ही त्यातली अट आहे. चर तुंबलेला असेल तर ते पाणी खालची पातळी वर आणेल आणि दुखणं वाढवेल.

पाण्याचा आकडा पाहिल्याशिवाय कांद्याची आशा धरू नका

क्षार धुतले तरी जमीन शेवटी पाण्याच्या मानाने स्थिरावते. दिलेल्या पाण्यातलं साधारण १५ ते २० टक्के पाणी मुळांच्या खाली निघून जात असेल, तर मुळांच्या थराची ईसीई पाण्याच्या ईसीच्या दीडपट धरतात. काकांच्या विहिरीचं पाणी १.४ होतं. दीडपट म्हणजे २.१. त्या पाण्यावर कांद्याला पुरेपूर उत्पन्नाची अपेक्षा करणं चूक आहे, फार तर ८५ टक्के. कांद्याला उंबरठ्याच्या आत ठेवायचं तर पाणी ०.८ च्या आतलं लागतं. कालव्याचं आवर्तन असतं तेव्हा तेही पाणी पेनने मोजून घ्या. ते विहिरीपेक्षा गोडं निघालं तर रोप बसेपर्यंत कालव्याचं आणि पुढे विहिरीचं, अशी वाटणी करता येते. काकांनी अर्ध्या रानात गहू आणि विहिरीला सोयीच्या अर्ध्या तुकड्यात कांदा ठेवला होता, त्याची अदलाबदल करायचं आम्ही ठरवलं. गव्हाला २.१ ने काही होत नाही, आणि कालवा ज्या तुकड्याला आधी पोचतो तिथे कांदा बरा राहील.

हिशेब जुळत नसेल तेव्हा

अहवालातल्या ईसीवरून गुणून काढलेला आकडा लगद्याच्या प्रत्यक्ष आकड्यापेक्षा बराच मोठा येत असेल, तर मातीत जिप्सम असण्याची शक्यता बघा. समजा १:२.५ मध्ये २.१ आले आणि टक्केवारी ७२ आहे. गुणून ७.३ येतात, पण लगद्यात ४.५ च निघाले. जिप्सम पाण्यात मर्यादेतच विरघळतं, आणि पाणी जास्त घातलं की आणखी विरघळत राहतं. त्यामुळे पातळ अर्कात त्याचा वाटा फुगतो. (काकांच्या ३.२ आणि २.८ मधला फरकही असाच, थोडं विरघळणारं खनिज मातीत असल्यामुळे.) स्वच्छ अर्कात तेवढंच अ‍ॅसिटोन घालून बघा, दुधट साका आला तर जिप्सम आहे. अशा जमिनीत पिकं तक्त्यापेक्षा साधारण २ डेसिसायमन जास्त सोसतात, त्यामुळे ४.५ बघून घाबरून पीक बदलायची घाई करू नका.

उलटही होतं. ईसीई दीड-दोनच्या आत, तरी पीक बसलेलं, पाणी दिवसभर वर उभं, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं. सामू ८.५ च्या पुढे असेल आणि लगद्याचा अर्क गाळताना थेंबथेंब आणि तपकिरी येत असेल, तर ती चोपण जमीन आहे. तिथे ईसीईच्या तक्त्याचा उपयोगच नाही, कारण दुखणं मिठाच्या प्रमाणाचं नसून सोडियमचं आहे. तिला नुसतं पाणी देऊन धुतलं तर मातीची रचना आणखी मोडते. आधी विनिमय सोडियमची टक्केवारी काढून घ्या, त्यावरून जिप्समची मात्रा ठरते आणि धुणं त्यानंतर.

नमुना कधी काढला हेही पाकिटावर लिहीत जा. परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात काढलेला नमुना आणि उन्हाळी कांदा उभा असताना मार्चमध्ये काढलेला नमुना यांत वरच्या थराचा आकडा खूप वेगळा येऊ शकतो. पीक ठरवायला लागणीच्या आधीचा नमुना घ्या, आणि जमीन वर्षागणिक बिघडते आहे की सुधारते आहे हे बघायचं असेल तर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर.